चौथी गोळी की पाचवी?

कर्वे रस्त्यावरून आत वळलं की एका इमारतीच्या तळमजल्यावर बारा मशिनचं गेमिंग कॅफे आहे. गेली काही वर्षं एका कॉलेजच्या टीमचा व्हॅलोरंट या बंदुकांच्या ऑनलाइन गेमचा सराव मी तिथे घेतो. मागच्या महिन्यात धायरीहून येणारा आमचा एक मुलगा राउंडच्या मध्यात मेला, हेडफोन काढून खाली ठेवला आणि स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "दादा, बघा ना. सरळ डोक्यात मारलीये. तरी मेला नाही." मी वाकून पाहिलं. कॉम्बॅट रिपोर्टमध्ये एकच गोळी होती, डोक्याला लागलेली, आणि तिच्यासमोर आकडा होता 140. समोरच्याकडे पूर्ण शील्ड होतं, म्हणजे जिवाचे 100 आणि शील्डचे 50 मिळून एकूण 150 पॉइंट. दहाने वाचला आणि वाचल्यावर त्याने याला मारलं.

त्यावर जे सुरू झालं ते पुण्यात कुठेही सुरू होतं. एक म्हणाला, ही फँटम बंदूकच बेकार, व्हँडलच घ्यायची. दुसरा म्हणाला, फँटमचा फायर रेट जास्त आहे, हिशेब कर, सेकंदाला जास्त डॅमेज फँटमचंच. तिसऱ्याने मोबाइलवर कुठल्यातरी खेळाडूचा व्हिडिओ काढून दाखवला. अर्धा तास गेला, सराव बाजूलाच राहिला. त्या अर्ध्या तासात तिघेही थोडेथोडे बरोबर होते आणि तिघांचाही प्रश्नच चुकलेला होता. "कोणती बंदूक भारी?" या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. भारीपणा ठरतो तीन गोष्टींच्या गुंत्यातून: अंतर वाढलं की डॅमेज किती घटतं, दोन गोळ्यांमध्ये किती वेळ जातो, आणि या दोन्हींमुळे माणूस मरायला एकूण किती वेळ लागतो. यातली शेवटची गोष्ट, जिला सगळे टीटीके म्हणतात, तीच खरी कसोटी आहे असं माझं ठाम मत आहे. बाकीचे दोन आकडे तिच्याकडे नेणाऱ्या वाटा आहेत.

उदाहरण म्हणून हीच दोन शस्त्रं घेतो, कारण हा वाद गेम आल्यापासून, म्हणजे 2020 पासून, थांबलेला नाही. दोन्हींची किंमत सारखीच, 2900 क्रेडिट. कंपनीचे बदल, म्हणजे पॅच, येतात तसे आकडे हलतात, पण हा वाद ज्या आकड्यांवर वर्षानुवर्षं चालला ते असे. व्हँडल सेकंदाला 9.75 गोळ्या मारते. अंगाला 40, डोक्याला 160, आणि अंतर कितीही असो, डॅमेज घटत नाही. फँटम सेकंदाला 11 गोळ्या मारते, पण तिचं डॅमेज टप्प्याटप्प्याने उतरतं. 15 मीटरपर्यंत अंगाला 39 आणि डोक्याला 156, 15 ते 30 मीटरमध्ये 35 आणि 140, आणि 30 च्या पुढे 31 आणि 124. क्रिकेटच्या मापात सांगायचं तर पहिला टप्पा पिचच्या पाऊण लांबीइतका आणि दुसरा साधारण तीस यार्डांच्या वर्तुळापर्यंत.

आता कागद-पेन घ्या. मी मुलांना आधी एकच गोष्ट करायला लावतो: 150 ला डॅमेजने भागायचं आणि उत्तर अपूर्णांकात आलं तर वरच्या पूर्ण संख्येवर न्यायचं. पावणेचार गोळ्या मारता येत नाहीत, चारच मारायला लागतात. व्हँडलला अंगावर चार गोळ्या लागतात, कारण तीनमध्ये 120 च होतात. फँटमला जवळून चार लागतात, कारण चारदा 39 म्हणजे 156. मधल्या टप्प्यात चारदा 35 म्हणजे 140, दहा कमी पडले, म्हणून पाच. लांबून पाचदा 31 म्हणजे 155, म्हणून तिथेही पाच.

पुढची पायरी वेळेची, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. चार गोळ्यांना चार वेळा थांबावं लागत नाही. बटण दाबलं की पहिली गोळी लगेच जाते, थांबायचं ते पुढच्या तिघींसाठी. पाच खांबांना दोरी बांधली की मधे झोके चारच पडतात, तसंच हे. म्हणून गोळ्यांच्या संख्येतून एक वजा करायचा आणि मग फायर रेटने भागायचं:

```
TTK = (ceil(HP / damage) - 1) / fire_rate
```

यात `HP` म्हणजे समोरच्याकडे असलेले पॉइंट आणि `ceil` म्हणजे वरच्या पूर्ण संख्येवर नेणं. व्हँडलचे तीन झोके भागिले 9.75, म्हणजे 308 मिलिसेकंद, कुठल्याही अंतरावर. फँटमचे जवळून तीन झोके भागिले 11, म्हणजे 273. पंधरा मीटरच्या पुढे चार झोके, म्हणजे 364. जवळून फँटम 35 मिलिसेकंदांनी पुढे, लांबून व्हँडल 56 नी पुढे. हा एक वजा करायचा विसरलात तर सावकाश मारणारी बंदूक उगाचच मागे पडते, कारण तिच्या न घडलेल्या एका थांब्याचाही वेळ तुम्ही तिच्या खात्यावर टाकता. शॉटगन आणि स्नायपरच्या बाबतीत ही चूक इतकी मोठी होते की निष्कर्षच उलटा लागतो.

दुसऱ्या मुलाचा मुद्दा होता सेकंदाला किती डॅमेज, म्हणजे डीपीएस. तो मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो शास्त्रीय दिसतो. मधल्या टप्प्यात फँटमचं डीपीएस 35 गुणिले 11, म्हणजे 385. व्हँडलचं 40 गुणिले 9.75, म्हणजे 390. बघणारा म्हणेल, सारख्याच आहेत, सवा टक्क्याचा फरक. पण मारायला लागणाऱ्या वेळेत फरक आहे 56 मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा. पुढे बघा. तीस मीटर ओलांडले की फँटमचं डॅमेज 31 वर येतं आणि डीपीएस 341 वर. डीपीएसवर विश्वास ठेवणारा म्हणेल, बंदूक अजून कमजोर झाली. अंगावर मारायच्या हिशेबात ती तसूभरही कमजोर झालेली नाही. पंचवीस मीटरवर पाच गोळ्या लागत होत्या, पस्तीस मीटरवरही पाचच लागतात. डीपीएस चाळीसहून जास्तने पडलं आणि समोरचा मरायला लागणारा वेळ जिथल्या तिथे राहिला.

याचं कारण सोपं आहे. डीपीएस डॅमेजला नळाच्या धारेसारखं धरतं आणि बंदूक तर ते बादलीबादलीने ओतते. समोरच्याचं हौद भरायला किती बादल्या लागतात हे महत्त्वाचं, शेवटची बादली काठोकाठ होती की अर्धी, याने काही बिघडत नाही. व्हँडलच्या चार गोळ्या 160 करतात, त्यातले दहा वाया जातात आणि कोणी ते विचारत नाही. फँटमच्या चार गोळ्या मधल्या टप्प्यात 140 करतात आणि तेवढ्या दहांसाठी तिला आणखी 91 मिलिसेकंद थांबावं लागतं. डॅमेजचा उतार म्हणून रॅम्पसारखा नसतो, जिन्यासारखा असतो. बऱ्याच पायऱ्यांवर काही होत नाही, आणि एका पायरीवर पाय घसरतो. त्या पायरीला आमच्याकडे ब्रेकपॉइंट म्हणतात, आणि शस्त्राबद्दल बोलायचं तर याच शब्दाने बोलायला हवं.

डोक्याच्या गोळीतही हेच आहे. 156 वरून 140 वर येणं म्हणजे सोळाचा फरक, पण त्या सोळामध्ये 150 ची रेघ येते, म्हणून एका गोळीत मरणारा वाचतो. पुढे 140 वरून 124 वर येतानाही सोळाचाच फरक. पूर्ण शील्डवाल्याच्या बाबतीत त्याने काही बदलत नाही, आधीही दोन गोळ्या लागत होत्या, आताही दोनच. पण समोरच्याने पैसे वाचवून हलकं शील्ड घेतलं असेल तर त्याच्याकडे 125 असतात. तीस मीटरच्या आत 140 ने तो जागेवर पडतो, तीसच्या पुढे 124 ने तो एका पॉइंटवर जिवंत राहतो. एका पॉइंटवर! हे मी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा मारणाऱ्याने माउस आपटला.

कंपन्या शस्त्रं बदलतात आणि लोक त्यावर भांडतात, तेही या चष्म्यातून बघायला हवं. 2020 मध्ये, गेम आल्यावर काही महिन्यांतच, व्हँडलमध्ये दोन बदल एकदम झाले. अंगाचं डॅमेज 39 वरून 40 आणि फायर रेट 9.25 वरून 9.75. त्या वेळी आमच्या कट्ट्यावर बोलणं झालं ते डॅमेजचं, कारण चाळीस हा आकडा गोल आहे आणि डोक्यात बसतो. प्रत्यक्षात ताज्या शत्रूसमोर त्या एका पॉइंटने काहीच केलं नाही. चारदा 39 म्हणजे 156, चारदा 40 म्हणजे 160, दोन्हीकडे चार गोळ्या. हलक्या शील्डवरही चारच. बिनशील्डच्या माणसाला आधी तीन, नंतरही तीन. डोक्याला आधी एक, नंतरही एक. खरा बदल फायर रेटने आणला: तीन झोक्यांना आधी 324 मिलिसेकंद लागत होते, ते 308 झाले. पॅचच्या टिपणीत दोन ओळी शेजारी होत्या, त्यातली एकच लढाईत उतरली.

उलटंही होऊ शकतं, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. समजा उद्या कोणी फँटमचं मधल्या टप्प्यातलं डॅमेज 35 वरून 37 केलं. चारदा 37 म्हणजे 148. ताज्या शत्रूसमोर शून्य फरक, पण सगळीकडे ओरड होणार की फँटम वाढवली. समजा 38 केलं. चारदा 38 म्हणजे 152, आणि मधल्या टप्प्यातला वेळ 364 वरून थेट 273 वर. पहिल्या दोन पॉइंटांनी काही दिलं नाही, तिसऱ्याने व्हँडलला मधल्या अंतरावरही मागे टाकलं. म्हणून "फक्त तीनच तर वाढवले" किंवा "तब्बल चार कमी केले" अशा वाक्यांना मी काही किंमत देत नाही. किती वाढवले यापेक्षा ते कोणत्या दोन आकड्यांच्या मधे वाढवले, हे विचारावं.

इथपर्यंत व्हँडलवाला मुलगा मान डोलावत होता. पंधरा मीटरच्या आतले कोपरे सोडले तर व्हँडलच, असंच दिसतंय ना? पण इथपर्यंतचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: समोरचा पूर्ण 150 वर आहे. खऱ्या राउंडमध्ये तो बऱ्याचदा तसा नसतो, कारण आपल्यातल्या कोणीतरी त्याला आधी थोडं खरवडलेलं असतं. या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे असं मला वाटतं, म्हणून त्या संध्याकाळी मी फळ्यावर पुढचा हिशेब मांडला.

अंतर वीस मीटर धरा, म्हणजे फँटमचा मधला टप्पा, अंगाला 35. समोरच्याला आधीच 10 लागले असतील तर त्याच्याकडे 140 उरले. आता फँटमला चार गोळ्या पुरतात, 273 मिलिसेकंद. व्हँडलला अजूनही चारच लागतात, 308. म्हणजे नुसत्या दहा पॉइंटांच्या खरवडीने मधल्या अंतरावरचं राज्य व्हँडलकडून फँटमकडे आलं. किलजॉय या पात्राची टरेट असते, एका जागी लावली की आपोआप गोळ्या मारणारी; तिच्या तीन-चार गोळ्या लांबून लागल्या तरी एवढं होऊन जातं. ही आघाडी 29 पॉइंटांच्या खरवडीपर्यंत टिकते. तिसावा पॉइंट लागला की समोरच्याकडे 120 उरतात आणि व्हँडलला तीन गोळ्या पुरतात, म्हणजे दोन झोके, 205 मिलिसेकंद. फँटमला तीन गोळ्यांत 105 च करता येतात, म्हणून तिला अजून चार लागतात. राज्य परत व्हँडलकडे. खरवड 45 वर गेली की उरलेले 105 फँटमच्या तीन गोळ्यांत बसतात, 182 मिलिसेकंदांत, आणि ती पुन्हा पुढे. 70 लागले की व्हँडलला दोन गोळ्या पुरतात आणि ती पुढे येते.

फळ्याकडे बघून मुलं गप्प झाली. टीममधली एक मुलगी, जी बहुतेक वेळा किलजॉय घेते, म्हणाली, "म्हणजे माझी टरेट कुठे लावली यावर ह्याची बंदूक चांगली की वाईट हे ठरणार?" अगदी तसंच. बंदुकीची ताकद तिच्या नळीत जेवढी आहे तेवढीच टीममधल्या दुसऱ्या माणसाच्या हातात आहे. ज्या टीमची रचना शत्रूला आधी दहा-वीसने खरवडते, तिला मधल्या अंतरावर फँटम महाग पडत नाही. जी टीम एकेकट्याने कोपऱ्यावर लढते, तिच्यासाठी पहिल्या 150 चाच हिशेब खरा. हे समजल्यापासून आमच्याकडे शस्त्र निवडताना "तुला काय आवडतं" याच्या आधी "तुझ्या आधी कोण काय टाकणार आहे" हे विचारलं जातं.

आता माझ्याच हिशेबाची मर्यादा. वरचे सगळे आकडे प्रत्येक गोळी लागते असं धरून आहेत. तशी कोणाचीच लागत नाही. अर्ध्या गोळ्या चुकतात असं धरलं तर मधल्या अंतरावर व्हँडलच्या चार लागायला सरासरी आठ माराव्या लागतात, सात झोके, 718 मिलिसेकंद. फँटमच्या पाच लागायला दहा, नऊ झोके, 818. म्हणजे नेम जितका ढिला तितका एका जास्तीच्या गोळीचा दंड मोठा: 56 चा फरक 100 वर गेला. पण फँटमचा झटका आवरायला सोपा आहे आणि मॅगझिनमध्ये 25 च्या जागी 30 गोळ्या आहेत. एखाद्या मुलाचे फँटमने 60 टक्के आणि व्हँडलने 50 टक्के लागत असतील तर फँटमला पाच लागायला सरासरी आठच्या थोड्या वर गोळ्या लागतात आणि वेळ येतो 667. तो मुलगा मधल्या अंतरावरही फँटमनेच जास्त लवकर मारतो, कागद काहीही म्हणो. म्हणून कागदावरचा टीटीके म्हणजे शस्त्राची मर्यादा आहे, खेळाडूचा निकाल नाही. त्या मर्यादेजवळ आपण कुठल्या शस्त्राने जास्त जातो, हे ज्याने त्याने मोजायचं असतं.

ते मोजणं अवघड नाही. आठवडाभर एकच शस्त्र घ्यायचं आणि प्रत्येक मृत्यूनंतर कॉम्बॅट रिपोर्ट वाचायचा. समोरच्याला आपण किती गोळ्या लावल्या, किती डॅमेज केलं, डोक्याला किती, अंगाला किती. 140 वर अडकलेले मृत्यू दिसले की समजायचं, आपण फँटम तिच्या पायरीच्या पलीकडून वापरतोय. दोन-तीन गोळ्या लावून 70 ते 105 वर अडकलेले मृत्यू जास्त असतील तर दोष डॅमेजच्या उताराचा नाही. तिथे लागोपाठ मारताना आपला स्प्रे सुटतोय, किंवा समोरच्याने आधी मारायला सुरुवात केली होती. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत आणि शस्त्र बदलणं हे दुसऱ्याचं औषध मुळीच नाही. आमच्या त्या धायरीच्या मुलाने दोन आठवड्यांची वही ठेवली. 140 वरचे मृत्यू त्यात अगदी मोजके निघाले. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन गोळ्यांनंतर वर सरकलेल्या नळीमागे धावत होता. ज्या एका मृत्यूवरून त्याने बंदूक बेकार ठरवली, तो त्याच्या वहीतला अपवाद होता, पण आठवणीत तोच राहिला होता.

काही जण म्हणतात, 35 किंवा 56 मिलिसेकंदांनी काय होतं, माणसाला नुसतं दिसून हात हलवायलाच दोनशेच्या आसपास लागतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण मला तो पटत नाही. प्रतिक्रियेचा वेळ दोघांनाही लागतो. दोघे साधारण एकाच वेळी मारायला लागले तर निकाल त्यानंतरच्या फरकावर लागतो. कॅफेतल्या जुन्या 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम सुमारे 17 मिलिसेकंदांची असते. 56 म्हणजे तीन फ्रेम आणि वर थोडं. तीन फ्रेम आधी समोरचा पडला तर त्याच्या बंदुकीतून पुढची गोळी निघतच नाही. मात्र ज्या लढाईत एकाने दुसऱ्याला पाठीमागून गाठलं, तिथे 56 ला काही अर्थ नाही, हे मान्य. आणि फँटमची गोळी समोरच्याला माग दाखवत नाही, धुरातून मारलं तरी कुठून आली ते कळत नाही. हा फायदा कुठल्याच टीटीकेमध्ये मावत नाही आणि तो खराखुरा आहे.

नकाशाचंही तसंच. ब्रीझसारख्या मोकळ्या नकाशावर लांब रेघा जास्त, तिथे मी मुलांना व्हँडल घ्यायला सांगतो. स्प्लिटच्या अरुंद बोळांत बहुतेक गाठी पिचच्या लांबीच्या आतच पडतात, तिथे फँटम. यात जास्त सांगण्यासारखं काही नाही, खेळणाऱ्याला ते हातांनीच कळतं.

माझा खरा आग्रह पुढे आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि त्याची जबाबदारी क्रीडा मंत्रालयाकडे सोपवली. आता पुण्यातल्या कॉलेजांच्या महोत्सवांत क्रिकेट आणि कबड्डीच्या शेजारी या स्पर्धाही भरतात. जर हा खेळ आहे, तर त्याच्या साधनांची मापं खेळाडूला सरळ वाचता आली पाहिजेत. क्रिकेटमध्ये बॅटची रुंदी आणि चेंडूचं वजन नियमांत लिहिलेलं असतं. मोबाइलवरच्या अनेक गेममध्ये आजही शस्त्राची ताकद रंगीत पट्ट्यांनी दाखवतात: डॅमेजची एक पट्टी, फायर रेटची एक, रेंजची एक. या पट्ट्या अर्ध्या तासाच्या भांडणाशिवाय काही देत नाहीत. रेंजची पट्टी लांब म्हणजे नेमकं काय? डॅमेज कुठल्या मीटरला उतरतं, किती उतरतं, आणि त्या उतरण्याने एक गोळी वाढते की नाही, यातलं एकही तिथून कळत नाही. व्हॅलोरंटमध्ये खरेदीच्या पडद्यावर टप्प्यांनुसार डॅमेज आणि फायर रेट दिसतो, तेवढं चांगलं आहे. पण तिथेही शेवटची पायरी खेळाडूवरच सोडली आहे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक शस्त्राशेजारी एक तक्ता द्यावा: या अंतरावर, एवढ्या शील्डवर, इतक्या गोळ्या आणि इतके मिलिसेकंद. पॅचच्या टिपणीतही "35 वरून 38" लिहिलं की त्याखाली "पाच गोळ्यांवरून चार" असं लिहावं. हे गणित कंपनीकडे आधीपासून असतंच, त्यावरच ती शस्त्रं जुळवते. यावर मला एकदा उत्तर मिळालं होतं की सगळं उघड केलं तर शोधण्याची मजा जाते. मला ते मान्य नाही. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला इंग्रजीतले लांबलचक तक्ते वाचता येतात, त्याला हे आजही कळतंच. न कळणारा राहतो तो दहावी-बारावीतला मुलगा, जो कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळतो आणि पट्टी लांब दिसली म्हणून बंदूक निवडतो. शोधायला पुष्कळ काही उरतं. कुठल्या कोपऱ्यावर कधी उभं राहायचं, कोणाच्या आधी काय टाकायचं, हे तक्त्यात येत नाही.

आयोजकांनीही एक करावं. आपल्या शहरातल्या स्पर्धांत मराठीत समालोचन करणारी मुलं आता चांगली तयार झाली आहेत, आणि तरी एखाद्याने लांबून फँटमने हेडशॉट मारला आणि समोरचा वाचला की ती म्हणतात, "नशीब!" तिथे नशीब नसतं, तिथे 140 असतात. समालोचकाने ते एकदा सांगितलं तर मागच्या रांगेत बसलेल्या पन्नास मुलांना एका संध्याकाळी ते कळेल.

आमच्या कॅफेत मी त्या रात्री फळा पुसला नाही. डाव्या बाजूला 15, 30 आणि त्यापुढे असे तीन टप्पे आहेत, वर 150, 140, 120, 105, 80 असे उरलेले पॉइंट, आणि प्रत्येक चौकटीत जे शस्त्र लवकर मारतं त्याचं पहिलं अक्षर. मधल्या ओळीत व्ह, फँ, व्ह, फँ, व्ह असं येतं. सरावाला येणारं पोरगं पाणी प्यायला उठलं की तिथे थांबतं, बोटाने ओळ धरून वाचतं आणि मग आपल्या शेजारच्याला विचारतं, "तू आधी काय टाकणारेस?"